मोबाइल की लँडलाइन: एसएमएस पाठवण्यापूर्वी १० अंकांतून काय ओळखता येते

प्रश्न: आमच्या केळी उत्पादक गटाची यादी मुख्यतः रावेर तालुक्यातली आहे, पण बऱ्हाणपूर आणि मलकापूरकडचे व्यापारी आणि शेतकरीही तिच्यात आहेत. जुन्या वहीतून नंबर एक्सेलमध्ये उतरवून घेतले आहेत. गाडी भरण्याची वेळ सगळ्यांना एसएमएसने कळवायची आहे. नुसता नंबर बघून मोबाइल कोणता आणि लँडलाइन कोणता हे ओळखता येईल का? “९, ८, ७, ६ ने सुरू झाला की मोबाइल” एवढा नियम पुरेसा आहे का?

उत्तर:

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या क्रमांकांपुरता तो नियम पुरेसा आहे. बऱ्हाणपूर आणि मलकापूर यादीत आले की मात्र तो अपुरा पडतो, आणि तुमच्या यादीत ते आहेत. म्हणून तुम्हाला “मोबाइल” आणि “लँडलाइन” असे दोन गठ्ठे करून भागणार नाही. “संशयित” असा तिसरा गठ्ठा करावा लागेल आणि तो हाताने निस्तरावा लागेल. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या नोकरीत आणि त्यानंतर सहकारी संस्थांच्या याद्या लावून देताना मी हे काम सातत्याने केले आहे. हा तिसरा गठ्ठा नीट केला तर तो लहानच राहतो.

आधी क्रमांकाची रचना पाहू. आपल्या देशात देशाचा +९१ आणि सुरुवातीचा ० वगळला की मोबाइल आणि लँडलाइन दोन्ही क्रमांक १० अंकी असतात. लँडलाइनमध्ये या १० अंकांचे दोन भाग पडतात: आधी एसटीडी कोड आणि मग स्थानिक क्रमांक. कोड जितका मोठा तितका स्थानिक क्रमांक लहान. जळगावचा कोड ०२५७, म्हणजे ० सोडून ३ अंक, म्हणून जळगाव शहरातला स्थानिक क्रमांक ७ अंकी. धुळ्याचा ०२५६२ आणि रावेरचा ०२५८४, म्हणजे ० सोडून ४ अंक, म्हणून तिथले स्थानिक क्रमांक ६ अंकी. दोन्हीकडे बेरीज १० च होते. सुरुवातीचा ० हा कोडचा भाग आहे असे आपण धरून चालतो, पण प्रत्यक्षात तो “हा फोन गावाबाहेर जाणार आहे” एवढेच एक्स्चेंजला सांगणारा अंक आहे, आणि क्रमांकाचा प्रकार ओळखताना तो बाजूलाच काढायचा असतो.

खान्देशातले कोड पाहिले, भुसावळचा ०२५८२, अमळनेरचा ०२५८७, चाळीसगावचा ०२५८९, शिरपूरचा ०२५६३, नंदुरबारचा ०२५६४, तर ते सगळे ० नंतर २५ ने सुरू होतात. मोबाइलचे क्रमांक सुरुवातीला फक्त ९ ने सुरू होत. ग्राहक वाढले आणि ९ ची मालिका अपुरी पडू लागली तशा ८, ७ आणि शेवटी ६ ने सुरू होणाऱ्या मालिका खुल्या झाल्या. २ ने सुरू होणारा मोबाइल नाही. त्यामुळे १० अंकी क्रमांक २५ ने सुरू होत असेल तर तो लँडलाइन आहे याबद्दल कसलाही किंतु ठेवायचे कारण नाही, आणि रावेर, सावदा, यावल, भुसावळ इथल्या नोंदींचे काम इथेच संपते.

अडचण तुमच्या तालुक्याच्या पूर्वेला सुरू होते. एसटीडी कोडचा पहिला अंक देशाच्या भागानुसार ठरलेला आहे. मुंबई, पुणे, नाशिक, खान्देश, सुरत हा सगळा पट्टा २ मध्ये येतो. मध्य प्रदेश आणि विदर्भ ७ मध्ये येतात. रावेरहून रेल्वेने वर गेले की लगेच बऱ्हाणपूर, कोड ०७३२५. बोदवडच्या पुढे मलकापूर, कोड ०७२६७. अकोला ०७२४, खंडवा ०७३३, इंदूर ०७३१, नागपूर ०७१२. हे सगळे लँडलाइनचे कोड ० काढला की ७ ने सुरू होतात, म्हणजे नेमके त्या अंकाने, ज्याला तुमचा नियम मोबाइल म्हणतो. बऱ्हाणपूरच्या अडत्याचा दुकानातला लँडलाइन एक्सेलमध्ये ७३२५२××××× असा उतरतो, १० अंक बरोबर भरतात, आणि पाहणाऱ्याला तो सहज मोबाइल वाटतो. धुळ्याच्या किंवा नंदुरबारच्या संस्थेला हा प्रश्न क्वचितच येतो. रावेर, मुक्ताईनगर, बोदवड या पट्ट्यात मात्र तो नित्याचा आहे.

यावर उपाय म्हणजे कोडच्या पुढचा अंक पाहणे. स्थानिक क्रमांकाचा पहिला अंक ० किंवा १ कधीच नसतो, कारण ० हा बाहेरगावच्या फोनसाठी आणि १ हा पोलीस, अग्निशमन, चौकशी अशा विशेष सेवांसाठी राखलेला आहे. २००३ च्या राष्ट्रीय क्रमांकन योजनेत लँडलाइनच्या स्थानिक क्रमांकांना २ ते ६ हे पहिले अंक दिले गेले, आणि त्यांतला २ हा बीएसएनएलकडे राहिला. तालुक्याच्या गावी आणि लहान बाजारपेठांत जुना लँडलाइन म्हणजे बहुतेक वेळा बीएसएनएलचाच, त्यामुळे व्यवहारात २ हाच अंक दिसतो. म्हणून ७३२५ पाहून थांबू नका, ७३२५२ दिसतो का ते पाहा. अकोल्यासाठी ७२४२, मलकापूरसाठी ७२६७२, इंदूरसाठी ७३१२. असा जुळणारा क्रमांक दिसला की तो लँडलाइन असण्याची शक्यता मोठी आहे.

मी “शक्यता” म्हणतो आहे, कारण ७ ने सुरू होणाऱ्या मोबाइल मालिका आणि ७ ने सुरू होणारे एसटीडी कोड एकाच पल्ल्यातून कापलेले आहेत. ज्या ४ अंकांनी एखाद्या गावाचा कोड बनतो त्याच ४ अंकांनी एखादा मोबाइलही सुरू होऊ शकतो. एक गोष्ट मात्र पक्की आहे: +९१ नंतरचे १० अंक देशभरात एकाच ग्राहकाचे असतात. एकच १० अंकी क्रमांक एकीकडे लँडलाइन आणि दुसरीकडे कोणाचा मोबाइल असे होत नाही. म्हणजे संशयित क्रमांकाला खरे उत्तर एकच असते. फक्त ते नुसत्या अंकांत दिसत नाही, इतर पुराव्यावरून काढावे लागते.

तो पुरावा तुमच्या जुन्या वहीत आहे, आणि म्हणूनच यादी साफ करण्याची घाई करू नका असे मी आवर्जून सांगतो. लँडलाइन लिहिणारा माणूस कोडनंतर आडवी रेघ मारतो किंवा कोड कंसात टाकतो: (०७३२५) २×××××. मोबाइल लिहिणारा एक तर सलग १० अंक लिहितो किंवा ५ आणि ५ असे तोडतो. कोणी “दुकान”, “घर”, “पी.पी.” असे शेजारी लिहून ठेवतो, आणि पी.पी. असेल तर तो शेजाऱ्याचा फोन, हेही कळते. आपण एक्सेलमध्ये रेघा, कंस आणि मोकळ्या जागा पुसून टाकतो तेव्हा हा सगळा पुरावा पुसतो. मूळ लिखाण जसेच्या तसे पहिल्या रकान्यात राहू द्या, त्या रकान्याला हात लावू नका, आणि साफ केलेला क्रमांक शेजारच्या रकान्यात घ्या. गावाचे नाव वेगळ्या रकान्यात असेल तर आणखी उत्तम, कारण ७३२५२ ने सुरू होणारा क्रमांक आणि शेजारी “बऱ्हाणपूर” अशी जोडी जमली तर संशयाला फारशी जागा राहत नाही, तर त्याच क्रमांकाशेजारी “केऱ्हाळे” किंवा “खिरोदा” असेल तर तो मोबाइल असण्याकडे कल झुकतो.

आता साफसफाईचा क्रम. इथे बहुतेकांची गफलत ९१ काढण्यात होते. सुरुवातीला ९१ दिसले की काढायचे, असे केले तर ९१ ने सुरू होणारे खरे मोबाइल क्रमांक ८ अंकी होऊन बसतात. म्हणून आधी अंक मोजायचे आणि मगच काढायचे. एकूण अंक १२ असतील आणि सुरुवात ९१ ने असेल तरच ९१ काढा. एकूण अंक ११ असतील आणि सुरुवात ० ने असेल तरच ० काढा. एकूण १० असतील तर काहीही काढू नका. आणि ० होता म्हणून तो लँडलाइन असा निष्कर्षही काढू नका. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला फोन लावताना आधी ० लावावा लागतो, त्यामुळे दुकानातल्या फोनशेजारी टांगलेल्या यादीत मोबाइल क्रमांकही ० लावूनच लिहिलेले असतात.

वहीत अंक देवनागरीत असतील आणि टंकणाऱ्याने ते तसेच देवनागरीत टंकले असतील, तर ते आधी संगणकाला ओळखीच्या अंकांत बदलून घ्या, नाहीतर पुढची सूत्रे त्या नोंदींवर चालणार नाहीत. एका घरात दोन क्रमांक असतील, किंवा “२×××४१/४२” असे जोडक्रमांक असतील, तर प्रत्येकाला स्वतंत्र ओळ द्या.

एक्सेलमुळे होणारे दोन बिघाड मी वेगळे सांगतो, कारण त्यांतला दुसरा फार नुकसान करतो. पहिला बिघाड साधा आहे: रकाना आधीच टेक्स्ट प्रकारचा केला नसेल तर एक्सेल सुरुवातीचा ० गिळते आणि ०२५८४२××××× चे २५८४२××××× होते. यात आपले काही बिघडत नाही, कारण तो ० आपण काढणारच होतो. दुसरा बिघाड ९१ लावलेल्या १२ अंकी क्रमांकांचा. एक्सेल असा क्रमांक 9.19877E+11 असा दाखवते. फाइल तशीच ठेवली तर आत पूर्ण क्रमांक शाबूत असतो आणि रकान्याचे स्वरूप बदलले की तो दिसतो. पण त्याच अवस्थेत फाइल सीएसव्ही म्हणून जतन केली, आणि एसएमएस पाठवणाऱ्या बहुतेक संकेतस्थळांना सीएसव्हीच लागते, तर पडद्यावर जे दिसते तेच लिहिले जाते आणि मागचे अंक कायमचे जातात. पुन्हा उघडून रकान्याचे स्वरूप बदलले तरी तिथे 919877000000 एवढेच दिसते. ९१ काढले की १० अंक बरोबर भरतात, सुरुवात ९ ने होते, आणि कोणताही नियम त्याला मोबाइलच म्हणतो. ओळखण्याची खूण एकच: शेवटी ६ शून्ये, आणि तोच क्रमांक यादीत अनेकदा. असे दिसले की ती फाइल टाकून द्या आणि मूळ वहीकडे जा. त्या अंकांतून खरा क्रमांक परत मिळवता येत नाही.

जुन्या वहीत आणखी एक प्रकार हमखास सापडतो. २००३ च्या सुमारास बीएसएनएलच्या लँडलाइन क्रमांकांपुढे २ लावला गेला. त्याआधी रावेरसारख्या गावांतले स्थानिक क्रमांक ५ अंकी आणि जळगावचे ६ अंकी होते. त्या काळातली नोंद कोडसह असेल तर ० धरून १० अंक भरतात: ० अधिक २५८४ अधिक ५ अंक. म्हणजे १० अंक आहेत, पण सुरुवात ० ने आहे. ही नोंद अपुरी आहे, आणि कोडनंतर २ घातला की ती पूर्ण होते. ती लँडलाइन आहे हे उघड आहे, तेव्हा एसएमएससाठी तिचा उपयोग नाही. पण त्या शेतकऱ्याला फोन करून मोबाइल विचारायचा असेल तर तो २ घालून लावून पाहा.

हे सगळे सूत्रात असे बसते. मूळ नोंद A रकान्यात, फक्त अंक B मध्ये, १० अंकी क्रमांक C मध्ये आणि निकाल D मध्ये धरला आहे. C2 मध्ये:

```
=IF(AND(LEN(B2)=12,LEFT(B2,2)="91"),RIGHT(B2,10),IF(AND(LEN(B2)=11,LEFT(B2,1)="0"),RIGHT(B2,10),B2))
```

आणि D2 मध्ये:

```
=IF(OR(LEN(C2)<>10,LEFT(C2,1)="0"),"तपासा",IF(LEFT(C2,1)<"6","लँडलाइन",IF(LEFT(C2,1)="9","मोबाइल",IF(COUNTIF(K:K,LEFT(C2,4))+COUNTIF(K:K,LEFT(C2,5))>0,"संशयित","मोबाइल"))))
```

K रकान्यात कोड आणि त्याला जोडून पुढचा २ लिहायचा: 73252, 72672, 7242, 7332, 7312, 7122. ज्या गावांशी तुमचा व्यवहार आहे तेवढीच गावे घ्या. देशातले सगळे कोड त्यात भरण्याचा मोह होतो, पण ज्या गावाचा एकही माणूस यादीत नाही त्याचा कोड घातल्याने काहीही साधत नाही. उलट चांगले मोबाइल क्रमांक संशयितांत जाऊन पडतात. गोव्याचा व्यापारी असेल तर कोड ०८३२, म्हणजे 8322 जोडा. पाटण्याचा असेल तर ०६१२, म्हणजे 6122. दिल्लीचा असेल तर काहीच जोडायचे कारण नाही, कारण ०११ मधला ० काढल्यावर क्रमांक १ ने सुरू होतो आणि सूत्र त्याला आपोआप लँडलाइन ठरवते. १८०० ने सुरू होणारे निःशुल्क क्रमांक १० अंकी असतील तर तेही त्याच खात्यात पडतात. सूत्र त्यांना लँडलाइन म्हणेल, जे अक्षरशः बरोबर नाही, पण त्यांना एसएमएस पाठवायचा नसतो एवढ्यापुरते ते ठीक आहे.

तुमच्यासारख्या यादीतल्या काही नोंदी घेऊन हे चालवून पाहू. अंकांच्या जागी मी फुल्या घातल्या आहेत.

पहिली नोंद ९१५८××××××, एकूण १० अंक. सुरुवातीला ९१ आहे, पण अंक १० च आहेत, म्हणून काहीही काढले जात नाही. पहिला अंक ९, निकाल मोबाइल. दुसरी ९१२५८४२×××××, एकूण १२ अंक. इथे ९१ निघते, उरतात २५८४२×××××, पहिला अंक २, निकाल लँडलाइन, आणि कोडवरून तो रावेरचा हेही कळते. या दोन्ही नोंदींची सुरुवात सारखीच दिसते, फरक फक्त अंकांच्या संख्येत आहे, म्हणून मोजणी आधी. तिसरी ०२५८४५०×××, एकूण १० अंक पण सुरुवात ० ने, निकाल “तपासा”. ही ती २ लागण्यापूर्वीची जुनी नोंद. चौथी ७३५०××××××, पहिला अंक ७, पण ७३५० हे K रकान्यातल्या कोणत्याही नोंदीशी जुळत नाही, निकाल मोबाइल. पाचवी ७३२५२×××××, शेजारी गाव बऱ्हाणपूर. पहिले ५ अंक K मध्ये सापडतात, निकाल संशयित. A रकान्यातली मूळ नोंद पाहिली तर तिथे कंसात ०७३२५ आहे, म्हणून हाताने लँडलाइन करायचे. सहावी ७२४२××××××, शेजारी गाव सावदा, मूळ नोंद सलग १० अंकी, कंस नाही, रेघ नाही. हाही संशयित. अकोल्याचा कोड जुळतो, पण सावद्याच्या शेतकऱ्याने अकोल्याचा लँडलाइन का द्यावा याचे कारण दिसत नाही. अशा नोंदीला माझा कौल मोबाइलकडे असतो, पण मी तो खात्री करूनच पक्का करतो.

खात्री करण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे फोन लावणे. तुमच्या मोबाइलवरून आधी ० लावून ते १० अंक फिरवा. लँडलाइन असो वा मोबाइल, ० लावलेला फोन दोन्हीकडे जातो. उचलणाऱ्याला विचारा. फोन करणे शक्य नसेल तर त्या एका क्रमांकावर चाचणीचा एसएमएस पाठवा आणि पोच अहवाल पाहा. संदेश पोहोचल्याची नोंद आली तर तो मोबाइल. पोहोचला नाही तर मात्र घाईने लँडलाइन म्हणू नका; बंद पडलेला मोबाइलही तेच दाखवतो, आणि फोन बंद असेल किंवा रेंजबाहेर असेल तर अहवाल येण्यास वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवून पाहा.

व्हॉट्सअॅपवर नाव दिसले म्हणजे मोबाइल, ही समजूत अलीकडे बरीच पसरली आहे, आणि नेमकी व्यापाऱ्यांच्या बाबतीत ती फसवते. व्हॉट्सअॅपचे व्यवसायासाठीचे जे अॅप आहे त्यात लँडलाइन क्रमांकही नोंदवता येतो. पडताळणीचा आकडा एसएमएसऐवजी फोन करून सांगितला जातो. त्यामुळे बऱ्हाणपूरच्या अडतीचा लँडलाइन तुम्हाला व्हॉट्सअॅपवर दिसेल, पण त्यावर पाठवलेला एसएमएस जाणार नाही. अशा माणसाला निरोप व्हॉट्सअॅपवरच द्यावा.

संशयित गठ्ठ्याला एसएमएस पाठवायचा की नाही, हा निर्णय तुम्ही काय कळवता आहात त्यावर ठेवा. मराठी मजकूर देवनागरीत असल्याने एका एसएमएसमध्ये ७० अक्षरचिन्हे बसतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार प्रत्येकी वेगळे मोजले जातात. त्याहून लांब झाला की ६७ चिन्हांचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. गावाचे नाव, गाडीचा क्रमांक आणि वेळ एवढे लिहिले तरी दोन-तीन तुकडे सहज होतात. संदेश पोहोचो न पोहोचो, पाठवला म्हणून आकारणी करणारे पुरवठादार बरेच आहेत. तरीही गाडी भरण्याच्या वेळेसारखा निरोप असेल तर मी संशयितांना एसएमएस पाठवतोच, कारण लँडलाइनवर गेलेल्या संदेशाचे नुकसान काही पैशांचे असते, तर मोबाइल असूनही वगळला गेलेल्या शेतकऱ्याची कापणी लांबते आणि घड बागेतच पिकायला लागतात. सभेची सूचना किंवा सणाच्या शुभेच्छा असतील तर संशयितांना वगळले तरी चालते. पण एसएमएस पाठवला म्हणून निरोप पोहोचला असे धरू नका; या गठ्ठ्यातल्या माणसांना त्याच दिवशी फोनही करा.

अंकांच्या रचनेवरून जे कळत नाही तेही स्पष्ट असू द्या. क्रमांक मोबाइलच्या मालिकेतला आहे एवढेच ती सांगते. तो आज चालू आहे का, आणि ज्याच्या नावापुढे लिहिला आहे त्याच्याकडेच आहे का, हे ती सांगत नाही. बंद केलेला मोबाइल क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, त्यामुळे १५ वर्षांपूर्वीच्या वहीतला क्रमांक रचनेने निर्दोष असूनही आज परक्या माणसाच्या हातात असू शकतो. गाडीची वेळ त्याला कळली तर फारसे बिघडत नाही, पण थकबाकी किंवा हिशोबाची रक्कम कळवणार असाल तर आधी माणसाची खात्री हवीच. पहिल्या ४ अंकांवरून कंपनी कोणती हेही आता ठरवता येत नाही, कारण २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय आहे. ती सोय मोबाइलवरून मोबाइलपुरतीच आहे, लँडलाइनचा क्रमांक मोबाइलवर नेता येत नाही, म्हणून मोबाइल की लँडलाइन हा भेद त्या बदलात टिकून राहतो.

यापुढे नवी नोंद घेताना वहीत दोन रकाने आखा, एक “एसएमएससाठी मोबाइल” आणि दुसरा “घरचा किंवा दुकानाचा फोन (कोडसह)”, आणि क्रमांक देणाऱ्यासमोरच त्याला एक रिंग देऊन बघा. जुन्या यादीत D रकान्याशेजारी आणखी एक रकाना घ्या आणि कोणती नोंद फोन करून, कोणती पोच अहवालावरून आणि कोणती फक्त सूत्रावरून ठरवली ते तारखेसह लिहा; पुढच्या हंगामात पुन्हा तपासायला घ्याल तेव्हा फक्त सूत्रावर ठरवलेल्या आणि ७ ने सुरू होणाऱ्या नोंदी आधी काढा.